घुमट आरतीसाठी पाच पट्ट्यांचा इक्वलायझर: ऑप-ॲम्पच्या सर्किटमधली प्रत्येक किंमत कशी काढायची

चवथीच्या दिवसांत किंवा देवळाच्या सभामंडपात घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हणायची आरती, माइकवर घेतली की तक्रार ठरलेली असते. घुमट घोंगावतो, शब्द कळत नाहीत आणि कासाळें ही मोठी झांज कानात टोचते. छोट्या मिक्सरवर बेस आणि ट्रेबल अशी दोनच बटणं असतात. बेस कमी केला तर घोंगावणं कमी होतं खरं, पण त्याबरोबर घुमटाचा घुमाराही जातो आणि मागे नुसती टकटक उरते. जांभ्याच्या गिलावा केलेल्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या मंडपात त्रास देणारा भाग बहुतेकदा २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. घुमाऱ्याचं वजन त्याच्याही खाली असतं. बेसचं बटण दोन्ही एकदम ओढतं. म्हणून हे दोन भाग वेगवेगळे हाताळणारा इक्वलायझर हवा. तो ऑप-ॲम्पवर घरी बांधता येतो, आणि त्यातली एकही किंमत अंदाजाने घ्यावी लागत नाही.

या लेखात मिक्सर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये बसणारा एका चॅनेलचा डबा बांधू. आत आलेला आवाज आधी एका बफरमधून जाईल, मग सुमारे ७० हर्ट्झच्या खालचं कापणाऱ्या हाय-पास फिल्टरमधून, आणि शेवटी पाच स्लायडरच्या इक्वलायझरमधून. माइक थेट याला जोडायचा नाही. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, त्याला आधी मिक्सरचा प्रीॲम्प लागतो.

पट्टे कुठे ठेवायचे

बाजारातल्या पाच पट्ट्यांच्या डब्यांवर ६०, २५०, १०००, ४००० आणि १६००० असे आकडे दिसतात. गाणी ऐकायला ते ठीक. आरती-भजनाच्या माइकला मात्र ६० वर काही हवं नसतं आणि १६००० वर काही मिळत नाही, म्हणजे पाचांतले दोन स्लायडर नुसते शोभेचे. त्यापेक्षा पाचही पट्टे कामाच्या जागी दाटीने बसवलेले बरे. मी १००, २५०, ६३०, १६०० आणि ४००० हर्ट्झ निवडतो. यातला प्रत्येक आकडा आधीच्याच्या अडीच पट आहे. १०० वर घुमाऱ्याचं वजन, २५० वर मंडपाचं घोंगावणं, ६३० वर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज, १६०० वर पेटीचा नाकातला सूर, आणि ४००० वर शब्दांची व्यंजनं नि कासाळ्याची धार.

पट्टा किती रुंद असावा हे क्यू या आकड्याने सांगतात. मध्य फ्रिक्वेन्सीला पट्ट्याच्या रुंदीने भागलं की क्यू मिळतो. क्यू जितका मोठा तितका पट्टा अरुंद. शेजारचे पट्टे N पट अंतरावर असतील तर एकमेकांना नीट चिकटून बसण्यासाठी लागणारा क्यू असा:

```
Q = sqrt(N) / (N - 1)
N = 2.5  ->  Q = 1.58 / 1.5 = 1.05
```

हा १.०५ लक्षात ठेवा, पण सर्किटमध्ये थेट घालू नका. कारण थोडं पुढे येईल.

कॉइलऐवजी ऑप-ॲम्प

ग्राफिक इक्वलायझरचं मूळ सर्किट साधं आहे. मुख्य ऑप-ॲम्पच्या प्लस पिनला सिग्नल ३.३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतो. आउटपुटपासून मायनस पिनपर्यंत तेवढाच ३.३ किलोओहमचा रेझिस्टर असतो. या दोन पिनांच्या मध्ये स्लायडरची दोन टोकं जोडलेली असतात, आणि स्लायडरच्या मधल्या पायापासून ग्राउंडपर्यंत एक कपॅसिटर, एक कॉइल आणि एक रेझिस्टर ओळीने असतात. ही शाखा आपल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत कमी अडथळा दाखवते. स्लायडर प्लस पिनकडे नेला की ती शाखा येणारा सिग्नलच ग्राउंडला खेचते, म्हणजे तो पट्टा कापला जातो. मायनस पिनकडे नेला की फीडबॅक कमी होतो आणि तोच पट्टा उचलला जातो. मध्यावर दोन्ही बाजूंना सारखंच ओझं पडतं, त्यामुळे सिग्नल आला तसा बाहेर जातो.

अडचण कॉइलची आहे. १०० हर्ट्झच्या पट्ट्याला ३.३ हेन्रीची कॉइल लागते. ती लोखंडी गाभ्याची आणि बोजड होते, आणि डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण आनंदाने पकडते. म्हणून तिच्या जागी जायरेटर वापरतात. जायरेटर म्हणजे कॉइलसारखं वागणारं एका ऑप-ॲम्पचं सर्किट.

त्याची जोडणी अशी. ऑप-ॲम्पची मायनस पिन थेट त्याच्याच आउटपुटला जोडा. स्लायडरच्या मधल्या पायापासून C1 हा कपॅसिटर एका बिंदूपर्यंत आणा. त्या बिंदूला X म्हणू. X पासून R1 हा रेझिस्टर ऑप-ॲम्पच्या आउटपुटला जातो. X पासूनच C2 हा कपॅसिटर प्लस पिनला जातो, आणि प्लस पिनपासून R2 हा रेझिस्टर ग्राउंडला. एवढंच. X पाशी पाहिलं तर हे सर्किट R1 इतक्या रेझिस्टरच्या ओळीत R1 × R2 × C2 इतकी कॉइल असल्यासारखं दिसतं. त्यावरून लागणारी सगळी सूत्रं निघतात; त्यांत L म्हणजे कॉइलची किंमत आणि f0 म्हणजे पट्ट्याची मध्य फ्रिक्वेन्सी:

```
L  = R1 * R2 * C2
f0 = 1 / (2*pi*sqrt(R1*R2*C1*C2))
Q  = sqrt( (R2*C2) / (R1*C1) )

C1 = 1 / (2*pi*f0*Q*R1)
C2 = Q / (2*pi*f0*R2)
```

पहिल्या तीन सूत्रांनी तयार सर्किट तपासायचं आणि खालच्या दोहोंनी नवं काढायचं. एक अट आहे. ही नकली कॉइल ठरावीक फ्रिक्वेन्सीपर्यंतच कॉइल राहते, नंतर C2 आणि R1 मिळून तिला बिघडवतात. ती हद्द f0 च्या किती वर आहे हे R2 ला R1 × Q ने भागून कळतं. R1 एक किलोओहम, R2 शंभर किलोओहम आणि क्यू २ असेल तर हद्द पन्नास पट लांब राहते, चिंता नाही. R2 दहाच किलोओहम घेतला तर ती पाच पटीवर येते आणि पट्ट्याचा आकार बिघडतो. म्हणून R2 नेहमी R1 च्या निदान पन्नास ते शंभर पट ठेवा.

किती उचलायचं, आणि क्यू दोन का

स्लायडर पूर्ण वर असताना f0 वर सिग्नल (१ + ३.३/१) पट, म्हणजे ४.३ पट होतो. डीबीमध्ये हे १२.७. पूर्ण खाली तेवढंच कापलं जातं. हा आकडा फक्त ३.३ किलोओहम आणि R1 यांच्या गुणोत्तरावर ठरतो. हा हिशेब मात्र एकट्या पट्ट्याचा आहे. पाचही शाखा त्याच दोन पिनांवर लटकलेल्या असतात, आणि मध्यावर असलेल्या शेजारच्या शाखाही थोडं ओझं टाकतात. ते धरून हिशेब केला तर ६३० चा स्लायडर पूर्ण वर नेल्यावर साधारण १०.३ डीबी मिळतात, आणि टोकाच्या १०० च्या पट्ट्याला ११ च्या जवळ. मोजताना १२.७ आले नाहीत म्हणून सर्किट चुकलं असं समजू नका.

आता तो १.०५ चा प्रश्न. स्लायडर टोकाला नसतो तेव्हा त्याचा स्वतःचा रेझिस्टन्सही शाखेच्या ओळीत येतो, आणि शाखेतला रेझिस्टन्स वाढला की क्यू घसरतो. स्लायडर म्हणजे १० किलोओहमचा सरळ पॉट; तो मध्यापासून टोकापर्यंतच्या प्रवासात निम्म्यावर असेल तर उचल फक्त ३.२ डीबी असते, आणि तिथे क्यू मूळच्या जवळपास एक चतुर्थांशावर आलेला असतो. प्रवासाच्या पाचांतले चार भाग गेल्यावर उचल ६.८ डीबी होते आणि क्यू मूळच्या ०.४५ पट राहतो. प्रत्यक्ष वापरात कोणी पाच-सात डीबीच्या पुढे जात नाही, जाऊही नये. म्हणजे कामाच्या जागी क्यू एकच्या आसपास हवा असेल तर शाखेचा क्यू २ धरावा लागतो. मग ६.८ डीबीला तो ०.९ होतो, आपल्याला हव्या असलेल्या १.०५ च्या बराच जवळ. सूत्रातला १.०५ सरळ वापरला असता तर ६.८ डीबीला क्यू अर्ध्यावर आला असता, आणि २५० चा स्लायडर खाली ओढताना १०० चा घुमाराही बरोबर गेला असता. ज्या त्रासासाठी हा डबा बांधतो तोच परत.

याच हिशेबातून पॉट कुठला घ्यायचा हेही कळतं. दुकानात १०० किलोओहमचे स्लायडर सहज मिळतात आणि लोक तेच बसवतात. त्यांच्यावर निम्म्या प्रवासात उचल फक्त ०.७ डीबी येते. सगळा परिणाम शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये कोंबला जातो. दहा किलोओहमचाच घ्या, आणि त्यावर B असं अक्षर पाहा, म्हणजे तो सरळ चढणीचा. A अक्षराचा पॉट व्हॉल्यूमसाठी असतो; इथे तो लावला तर मध्य हाताला एकीकडे लागेल आणि कानाला दुसरीकडे.

एक पट्टा पूर्ण सोडवून

१०० हर्ट्झचा पट्टा घेऊ. R1 = १ किलोओहम, R2 = १०० किलोओहम, क्यू = २.

```
C1 = 1 / (6.283 * 100 * 2 * 1000)  = 0.796 uF
C2 = 2 / (6.283 * 100 * 100000)    = 31.8 nF
```

३१.८ साठी ३३ नॅनोफॅरड घेता येतो. ०.७९६ मायक्रोफॅरड कुठेच मिळत नाही. ०.८२ ही किंमत असते, पण पणजी-म्हापशाच्या दुकानात फिल्म कपॅसिटरमध्ये ती मिळेलच असं नाही, ०.६८ आणि ०.१ मात्र असतात. ते दोन समांतर जोडले की ०.७८ होतात. आता उलटा हिशेब करून बघायचं:

```
f0 = 1 / (6.283 * sqrt(1000 * 100000 * 0.78e-6 * 33e-9)) = 99.2 Hz
Q  = sqrt( (100000 * 33e-9) / (1000 * 0.78e-6) )          = 2.06
```

याहून जवळ जायची गरज नाही. फिल्म कपॅसिटर स्वतःच पाच टक्के इकडे-तिकडे असतो. सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे एका कपॅसिटरची पाच टक्के चूक फ्रिक्वेन्सीत अडीच टक्केच दिसते, आणि एवढ्या रुंद पट्ट्यात ती कानाला कळत नाही.

पुढच्या पट्ट्यांसाठी रीत थोडी बदलते. आधी C1 आणि C2 जवळच्या मिळणाऱ्या किमतींवर आणायचे, मग f0 जागेवर बसेल असा R2 काढायचा. रेझिस्टर बारीक पायऱ्यांमध्ये मिळतात आणि स्वस्त असतात, त्यामुळे उरलेली ओढाताण त्यांच्यावर टाकावी.

```
R2 = 1 / ( (2*pi*f0)^2 * R1 * C1 * C2 )
```

२५० हर्ट्झला सूत्रं ३१८ आणि १२.७ नॅनोफॅरड सांगतात. ३३० आणि १० घेतले तर R2 १२२.८ किलोओहम येतो; १२० बसवला की पट्टा २५३ हर्ट्झवर आणि क्यू १.९ वर येतो. उरलेले तीनही असेच सोडवले. R1 सगळीकडे एक किलोओहमच आहे.

| पट्टा | C1 | C2 | R2 | प्रत्यक्ष मध्य | क्यू |
|---|---|---|---|---|---|
| १०० | ६८० + १०० नॅनो | ३३ नॅनो | १०० किलो | ९९ | २.०६ |
| २५० | ३३० नॅनो | १० नॅनो | १२० किलो | २५३ | १.९१ |
| ६३० | १०० + २२ नॅनो | ४.७ नॅनो | ११० किलो | ६३४ | २.०६ |
| १६०० | ४७ नॅनो | २.२ नॅनो | १०० किलो | १५६५ | २.१६ |
| ४००० | २२ नॅनो | १ नॅनो | ६८ किलो | ४११५ | १.७६ |

पेटीचा सूर १६०० ऐवजी १२०० वर खटकतो असं कोणाला वाटलं तर नवा हिशेब मांडायची गरज नाही. फ्रिक्वेन्सी जितक्या पट खाली न्यायची तितक्या पट दोन्ही कपॅसिटर वाढवायचे. क्यू तसाच राहतो. तक्त्यात मध्य १५६५ आहे, म्हणून १५६५/१२०० म्हणजे १.३ पट: ४७ चे ६१ आणि २.२ चे २.९ नॅनो. मग ६८ आणि २.७ घेऊन R2 काढला की तो ९६ किलोओहम येतो, म्हणजे १०० चालेल.

कपॅसिटर पॉलिएस्टर फिल्मचेच घ्या, ज्याला दुकानदार मायलर म्हणतात. तपकिरी सिरॅमिक डिस्क स्वस्त असते, पण जास्त नॅनोफॅरडच्या डिस्कची कपॅसिटी तापमानाने आणि व्होल्टेजने बदलते. रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्म.

७० हर्ट्झचा हाय-पास

माइकच्या स्टँडला लागलेला धक्का, पंख्याचा वारा, स्टेजवरची पावलं हे सगळं ७० च्या खाली असतं आणि ॲम्प्लिफायरची ताकद फुकट खातं. त्यासाठी दोन कपॅसिटर आणि दोन रेझिस्टरचा सॅलन-की फिल्टर पुरतो. बफरच्या आउटपुटपासून दोन सारखे कपॅसिटर ओळीने ऑप-ॲम्पच्या प्लस पिनपर्यंत न्या. प्लस पिनपासून ग्राउंडला Rb जोडा. दोन कपॅसिटरच्या मधल्या सांध्यापासून ऑप-ॲम्पच्या आउटपुटला Ra जोडा. मायनस पिन आउटपुटला. हाय-पासमध्ये सांध्याचा रेझिस्टर आउटपुटकडे जातो हे ध्यानात ठेवा. लो-पासमध्ये तिथे कपॅसिटर असतो आणि घाईत दोन आकृत्यांची सरमिसळ होते.

```
Ra = 0.1125 / (f * C)
Rb = 2 * Ra
```

C = १०० नॅनोफॅरड आणि f = ७० धरला तर Ra १६ किलोओहम आणि Rb ३२ किलोओहम येतात. १५ आणि ३३ बसवले की कोपरा ७१.५ हर्ट्झवर जातो, क्यू ०.७४ होतो. आदर्श ०.७०७ आहे, हा फरक कानाला काही नाही. हा फिल्टर १०० हर्ट्झवर जेमतेम ०.७ डीबी घेतो आणि ३५ हर्ट्झवर साधारण १२ डीबी. Ra आणि Rb ची अदलाबदल झाली तर सर्किट चालतं, आवाजही येतो, पण १०० हर्ट्झवर सिग्नल निम्म्याहून खाली जातो. घुमट अचानक पातळ वाटायला लागला तर आधी हे दोन रेझिस्टर बघा.

कुठला ऑप-ॲम्प कुठे

एकूण आठ ऑप-ॲम्प लागतात: बफर, हाय-पास, मुख्य आणि पाच जायरेटर. एका एनई५५३२ मधला एक बफरला आणि एक मुख्य जागेला वापरा; त्याची स्वतःची खरखर कमी असते आणि तो कमी रेझिस्टन्सचं ओझं सहज पेलतो. एका टीएल०७२ मध्ये हाय-पास आणि १०० हर्ट्झचा जायरेटर, आणि एका टीएल०७४ मध्ये उरलेले चार जायरेटर. टीएल मालिकेच्या पिनांत जाणारा करंट नगण्य असतो, म्हणून १०० किलोओहमच्या R2 वर फुकटचा डीसी साचत नाही. घरात पडलेले ७४१ वापरू नका. त्याचं आउटपुट सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात अर्धा व्होल्टच सरकतं, त्यामुळे मोठ्या आवाजात कासाळ्याची किनार तो फाडतो. एलएम३२४ तर शून्य ओलांडताना अडखळतो आणि हळू आवाजातही खरखर ऐकू येते.

बफरच्या आधी एक मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि प्लस पिनपासून ग्राउंडला ४७ किलोओहम ठेवा. मुख्य ऑप-ॲम्पच्या ३.३ किलोओहमच्या फीडबॅक रेझिस्टरवर समांतर ४७ पिकोफॅरड लावा. स्लायडरकडे जाणाऱ्या तारा लांब असतात आणि त्यामुळे हा ऑप-ॲम्प कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला स्वतःच डोलू लागतो. तो डोलतोय हे असं ओळखावं: इनपुट नसताना चिप गरम लागते, आणि तारेला बोट लावलं की आवाज बदलतो. आउटपुटवर १०० ओहम आणि त्यापुढे १० मायक्रोफॅरड. प्रत्येक चिपच्या दोन्ही सप्लाय पिनांजवळ, अगदी पायाला चिकटून, ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला.

सप्लाय, आणि १०० हर्ट्झचा सापळा

७८१२ आणि ७९१२ रेग्युलेटरने अधिक-उणे १२ व्होल्ट करा. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा घ्यायचा मोह होतो. २३० व्होल्टवर तो ठीक चालतो. पण चवथीच्या संध्याकाळी वाड्यावर सगळीकडे दिवे लागले आणि लाइन १९० वर आली, तर कपॅसिटरवर साधारण १३ व्होल्टच उरतात. रेग्युलेटरला १२ द्यायला साडेचौदा हवे असतात, आणि मग तो सोडून देतो. १५-०-१५ घेतला तर १९० वरही साडेसोळा मिळतात. फिल्टरला दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे. डबा लोखंडी असेल तर तीन पिनांची तार, अर्थिंग डब्याच्या पत्र्याला, आणि लाइनमध्ये फ्यूज. पावसाळ्यात ओल्या फरशीवर हे सक्तीचं समजा.

सापळा हा की पूर्ण-तरंग रेक्टिफायरची गुणगुण आपल्याकडे बरोबर १०० हर्ट्झला असते, आणि आपला पहिला पट्टाही तिथेच आहे. हाय-पास तिला अडवत नाही. १०० चा स्लायडर वर नेताना गुणगुण वाढत असेल तर इक्वलायझर आपलं काम बरोबर करतोय. दोष सप्लायमध्ये किंवा ग्राउंडच्या तारेत शोधा. मिक्सरची तार काढून इनपुटच्या दोन पिना जोडल्या तरी गुणगुण राहिली तर ती डब्यातली. गेली तर ती बाहेरून येते.

तपासणी

चिपा बसवण्याआधी सप्लाय लावून सॉकेटवर अधिक-उणे १२ मोजा. चिपा बसवल्यावर प्रत्येक ऑप-ॲम्पच्या आउटपुटवर डीसी काही मिलिव्होल्टच असायला हवा. एखाद्यावर दहा-अकरा व्होल्ट दिसले तर त्याची मायनस पिन सुटलेली असते किंवा R2 ग्राउंडला पोचलेला नसतो.

मग फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या आणि हेडफोनच्या जागेतून इनपुटला अर्धा व्होल्टपर्यंत टोन द्या. आउटपुट मल्टिमीटरच्या एसी रेंजवर बघा. साधे मल्टिमीटर ४००-५०० हर्ट्झच्या वर खोटं बोलायला लागतात, म्हणून आकड्यावर विश्वास न ठेवता गुणोत्तर बघा. त्याच टोनला स्लायडर मध्यावर असताना किती आणि पूर्ण वर असताना किती, एवढंच भागायचं. मीटरची चूक दोन्हींत सारखी असल्यामुळे कटते. ६३० ला गुणोत्तर सव्वातीनच्या आसपास यायला हवं, म्हणजे अर्ध्या व्होल्टचे साधारण १.६. टोन थोडा मागेपुढे करून शिखर नेमकं कुठे आहे तेही पाहा. शिखर तक्त्यातल्या मध्यापासून पाच टक्क्यांपेक्षा जास्त लांब असेल तर कपॅसिटरवरचा आकडा पुन्हा वाचा. १०३ म्हणजे १० नॅनो आणि १०४ म्हणजे १०० नॅनो, आणि या दोहोंची गफलत झाली की पट्टा तीनपटीहून जास्त सरकतो. शिखर जागेवर आहे पण स्लायडर उलटा चालतो, असं असेल तर स्लायडरच्या टोकांच्या दोन तारा बदलल्या की झालं.

मंडपात

सगळे स्लायडर मध्यावर ठेवून आरती सुरू होऊ द्या. आधी काहीच उचलू नका. २५० हळूहळू खाली आणा, घोंगावणं सुटेल तिथे थांबा. बहुतेकदा पाच-सहा डीबी पुरतात. मग ६३० थोडा खाली. एवढं झालं की शब्द आपोआप पुढे येतात आणि ४००० उचलायची गरज पडत नाही. उलट कासाळें माइकच्या जवळ असेल तर ४००० दोन-तीन डीबी खाली लागतो. शामेल या चर्मवाद्याचा ठोका धूसर वाटला तरच १६०० ला हात लावा. १०० चा स्लायडर सर्वांत शेवटी, आणि तोही स्पीकर मोठा असेल तर. आठ इंची कॉलम स्पीकरला १०० हर्ट्झ उचलून दिलं तर घुमारा येत नाही, कोन नुसता हलतो.

शिट्टीवर मात्र या डब्याचा उपाय चालत नाही. माइक-स्पीकरची शिट्टी एका बारीक फ्रिक्वेन्सीवर असते आणि आपला पट्टा सव्वा ऑक्टेव्हहून रुंद आहे. १६०० पूर्ण खाली ओढून शिट्टी थांबवली तर पेटीही जाते. स्पीकर माइकच्या पुढे आणि माइककडे पाठ करून ठेवा. तरीही शिट्टी आली तर वेगळा, क्यू १० किंवा त्याहून मोठा असलेला नॉच फिल्टर लागतो, आणि तो या जायरेटरच्या घडणीत नीट बसत नाही.

किनाऱ्याजवळच्या घरात दोन पावसाळ्यांनंतर स्लायडर सरकवताना करकर येऊ लागते. C1 डीसी अडवत असल्यामुळे ही करकर बहुधा नुसत्या मळाची असते, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पण स्लायडर हलवताना स्पीकरमधून धप् असा आवाज आला तर त्या पट्ट्याच्या C1 च्या दोन्ही टोकांना डीसी मोजा. स्लायडरच्या मधल्या पायावर काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त डीसी दिसला तर तो कपॅसिटर गळत असू शकतो. तेवढा एक बदलून पाहा.